पाच पॉइंट आठ

मत्स्यबीज केंद्रात तिला सगळे आकडेबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते तिच्या कानावर येतंच, आणि तिची त्याला हरकत नाही. केंद्र चांगलंच उंचावर आहे. खालून आलेल्या पाहुण्याला दोन जिने चढले की धाप लागते. अशा ठिकाणी माशांच्या हौदांतलं पाणी तपासायचं, त्यात ऑक्सिजन किती विरघळलाय तो आकडा वहीत लिहायचा, हे तिचं वीस वर्षांचं काम. मासे पाण्यात राहतात म्हणून त्यांना हवा लागत नाही असं समजणारे लोक अजून भेटतात. तिने समजावून सांगणं सोडून दिलंय.

तिच्या काही सवयी आहेत आणि त्यांची केंद्रात टिंगल होते. ऑक्सिजनचं मीटर हातात घेतलं की ती आधी बटण दाबून हवेच्या दाबाचा आकडा बघते. पाचशे ऐंशी. मग पुन्हा बघते. हौदापाशी पोचल्यावर तिसऱ्यांदा बघते. मीटरची बॅटरी ती स्वतः बदलते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, आणि बदललेली तारीख मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहिते. तिचा नवरा एकदा केंद्राच्या स्नेहभोजनात म्हणाला होता, "आमच्या लग्नाची तारीख हिला विचारू नका, बॅटरीची विचारा." सगळे हसले. तीही हसली, कारण हसायचं असतं.

एक गोष्ट मात्र तिने नवऱ्यालाही सांगितलेली नाही. ऊन उतरून पाण्यावर करडा उजेड राहतो त्या वेळी प्रयोगशाळेत एकटी असली की तिला बाहेर मोठ्या हौदाच्या फळीवरून रबरी बूट चालत गेल्याचा आवाज येतो. थप, थप, मध्येच थांबतो, कोणीतरी वाकून पाण्यात काही सोडावं एवढा वेळ, आणि मग परत थप, थप. ती उठून खिडकीशी जाते. फळीवर कोणी नसतं. पाटाचं पाणी फळीखाली आपटत असेल, असं ती एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलेली आहे. पाट उन्हाळ्यात आटतो. आवाज आटत नाही.

बूट मास्तरांचे होते. म्हणजे तसे बूट मास्तर घालायचे.

मास्तर तिच्या आधीचे प्रयोगशाळा प्रमुख. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण समोर माणूस दिसला की शिकवायला लागायचे, म्हणून मास्तर. ती सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. खालच्या सपाटीवरच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेली, सगळे तक्ते तोंडपाठ. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "वीस अंशांच्या पाण्यात हवेतला किती ऑक्सिजन मुरतो?"

"लिटरला नऊ पॉइंट एक मिलिग्रॅम," ती ताडकन म्हणाली.

"कुठे?"

तिला प्रश्नच कळला नाही. पाण्यात, असं म्हणणार होती, पण तेवढी अक्कल होती म्हणून गप्प बसली.

मास्तरांनी खालून मागवलेली सोड्याची बाटली टेबलावर होती. त्यांनी ती उघडली. फस्स करून बुडबुडे वर आले. "झाकण होतं तोवर गॅस पाण्यात गुपचूप बसला होता. का? वरून दाब होता म्हणून. दाब गेला, तो निघाला. पाणी स्वतःच्या मर्जीने काही ठेवून घेत नाही बघ. वर त्या वायूचा जेवढा दाब, तेवढंच आत. दाब निम्मा केला की मुरलेलंही निम्मं." मग फळ्यावर त्यांनी लिहायला घेतलं. त्यांचे आकडे मोठे आणि गोल होते, सात सोडून. सात ते काठीसारखा काढायचे.

"समुद्रसपाटीला हवेचा दाब सातशे साठ मिलिमीटर. त्यातून पाण्याची वाफ आपला वाटा आधी घेते, वीस अंशांना साडेसतरा. राहिले सातशे साडेबेचाळीस. त्यातला ऑक्सिजन शंभरात एकवीस, म्हणजे एकशे छप्पन्न. हा ऑक्सिजनचा स्वतःचा दाब, आंशिक दाब. एकशे छप्पन्नाला नऊ पॉइंट एक मुरतो, तर एका मिलिमीटरला किती? शून्य पॉइंट शून्य पाच आठ चार. आता इथे ये. इथे दाब पाचशे ऐंशी. वाफेचे साडेसतरा तेवढेच, वाफेला उंचीशी देणंघेणं नाही. उरले पाचशे साडेबासष्ट. एकवीस टक्के, एकशे अठरा. गुणिले शून्य पॉइंट शून्य पाच आठ चार."

तिने मनात गुणाकार केला. "सहा पॉइंट नऊ."

"सहा पॉइंट नऊ. पुस्तक लिहिणारा सपाटीवर बसला होता. आपले मासे इथे आहेत." मग सोडा अर्धा तिला दिला. "आणि नळी टाकून सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन सोडलास तर? मग एकवीस टक्के नाही, सगळेच्या सगळे पाचशे साडेबासष्ट ऑक्सिजनचे. पाणी तेहतीसपर्यंत घेऊ शकतं. तेहतीस. म्हणून सिलिंडर भरलेला पाहिजे. रात्री पाणी उपाशी झोपत असेल तर संध्याकाळीच नळी टाकायची."

भिंतीवर त्यांनी लाल रंगाने लिहून ठेवलं होतं: पाचच्या खाली सिलिंडर. ते अजून आहे. दोनदा चुना मारला, दोन्ही वेळा तिने ती जागा सोडायला लावली.

मास्तर दर सोमवारी मीटरवर भरवसा न ठेवता बाटलीतली परीक्षा करत. नमुन्याच्या पाण्यात रसायनं घातली की ऑक्सिजन असेल तेवढा तपकिरी गाळ धरतो, आम्ल घातलं की गाळ विरघळून पाणी पिवळं होतं, आणि मग ते चंबूत घेऊन वरून ब्युरेटच्या खुणांच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडायचं. पिवळं फिकट झालं की स्टार्च घालायचा, पाणी गडद निळं होतं. आणखी थेंब, आणि एका थेंबाला निळा नाहीसा. तिथे थांबायचं. जेवढे मिलिलिटर, तेवढे मिलिग्रॅम. "थोड्या वेळाने निळा परत येईल," मास्तरांनी सांगितलं होतं. "हवा लागते, पाण्यातलं आणखी काही बाही असतं. परत आला तरी वळून बघायचं नाही. पहिल्यांदा गेला तोच खरा."

असा माणूस. वडिलांच्या जागी होता, असं म्हणायची पद्धत आहे. तिला तसं म्हणायचा हक्क उरलेला नाही, म्हणून ती म्हणत नाही.

त्या उन्हाळ्यात पाऊस लांबला होता. पाट बारीक झाला, मोठ्या हौदातलं पाणी हिरवट झालं आणि वीस अंशांवर गेलं. थंड पाण्याच्या माशांना वीस म्हणजे अंगात ताप. त्या हौदात पैदाशीचे तीनशे मासे होते, अकरा वर्षं निवडून निवडून राखलेले. मास्तर तीन दिवसांच्या रजेवर खाली गेले, मुलीला कॉलेजात घालायला. शनिवारी दुपारी मीटरची बॅटरी संपली. तिने नवी घातली, मीटर ओलसर हवेत धरलं आणि लावलं. मीटर असंच लावतात: हवेत धरायचं, बटण दाबायचं, मग ते तापमान आणि त्यात भरून ठेवलेला दाब बघून स्वतःच ठरवतं की या हवेखालच्या पाण्यात किती मुरायला हवा, आणि पुढची सगळी मापं त्या आकड्यावर बेततं. काटेकोर यंत्र. फक्त बॅटरी काढली की ते आपण कुठे आहोत ते विसरायचं आणि दाब परत सातशे साठ धरायचं.

पडद्यावर आकडा आला. नऊ पॉइंट एक.

तिला आनंद झाला. हे तिला आजही लख्ख आठवतं आणि याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटते, की आनंद झाला. अगदी पुस्तकातला आकडा, दशांशासकट. सहा महिने चुकतमाकत काढल्यावर यंत्राने पाठ थोपटली असं वाटलं. चुकीचा आकडा वेडावाकडा आला असता तर तिने दहादा तपासला असता. हा ओळखीचा होता, म्हणून घरात घेतला.

संध्याकाळी मास्तर बसमधून उतरले ते पिशवीसकट सरळ हौदाकडे. बूट चढवले. "मीटर लावलंस?"

"हो, लावलं."

"मग झालं," ते म्हणाले आणि फळीवर गेले.

"मास्तर, अगदी पुस्तकातला आकडा आला," असं तिच्या जिभेवर आलं होतं. फुशारकी मारायची होती. पण ते घाईत होते, उजेड जात होता, आणि बढाई मारलेली त्यांना आवडायची नाही, म्हणून तिने गिळलं. मारली असती बढाई तर ते जागच्या जागी वळले असते. कुठे, असं विचारलं असतं. त्या एका न मारलेल्या बढाईपाशी ती एकोणीस वर्षं अडकून पडली आहे.

मास्तरांनी वाकून मीटर पाण्यात सोडलं, थांबले, आणि मोठ्याने म्हणाले, "पाच पॉइंट आठ." वहीत लिहिलं. पाचच्या वर होतं. सिलिंडर सोडायचं कारण नव्हतं.

सकाळी हौद पांढरा दिसत होता. तीनशेच्या तीनशे मासे पोट वर करून, तोंडं उघडी. मास्तर फळीवर उकिडवे बसले होते आणि एका माशाला हाताने पाण्यात पुढेमागे हलवत होते. त्याच्या कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. तो केव्हाच गेलेला होता. तिने हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही.

चौकशीला साहेब आले. साहेब पाण्यातले नव्हते, कागदातले होते, पण त्यांचा प्रश्न बिनचूक होता. संध्याकाळी पाच पॉइंट आठ असलेल्या पाण्यात एका रात्रीत सगळे मासे मरतात कसे? आणि मास्तर आदले तीन दिवस रजेवर, बस उशिरा आलेली. त्यांनी सरळ निष्कर्ष काढला: हौदावर गेलेच नाहीत, आकडा खोलीत बसून लिहिला. मास्तर एवढंच म्हणत राहिले, "मी बघितला. पाच पॉइंट आठ होता." तिला विचारलं, तेव्हा तिनेही सांगितलं की मास्तर फळीवर गेलेले तिने पाहिले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तात्पुरती नेमणूक आहे ना, असं विचारलं आणि ते वाक्य काही लिहून घेतलं नाही. मग म्हणाले, चौकशी संपेपर्यंत मास्तर प्रयोगशाळेत येणार नाहीत, मीटर तुम्ही तपासून सांगा.

त्या शनिवारपासूनचा तो तिसरा दिवस होता, सोमवार. तिने हवेची नळी सोडून ठेवलेल्या बादलीतलं पाणी घेतलं आणि बाटलीतली परीक्षा केली. ब्युरेट सहा पॉइंट नऊवर थांबलं. त्याच पाण्यात मीटर धरलं. नऊ पॉइंट एक. दाबाचं बटण दाबलं: सातशे साठ. तिथेच, उभ्या उभ्या, तिने हिशेब केला. मीटर एकला एक पॉइंट तीन दाखवत होतं. पाच पॉइंट आठ म्हणजे खरे चार पॉइंट चार. आणि रात्रभर मासे आणि ते हिरवं शेवाळ, दोन्ही श्वास घेणार. सकाळपर्यंत दोनही उरला नसेल.

तिने खालच्या बाणाचं बटण दाबून धरलं. सातशे साठ, सातशे पन्नास, आकडे उतरत गेले. पाचशे ऐंशीला बोट काढलं. मीटर परत हवेत लावलं, पाण्यात धरलं. सहा पॉइंट नऊ.

साहेब दारात आले. "मीटर बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," ती म्हणाली. आणि त्या घटकेला ते होतंही.

कारणं होती. आई आजारी होती, नवरा घरी बसला होता, नेमणूक कायम व्हायला अकरा दिवस उरले होते. ही कारणं खरी आहेत, आणि ती स्वतःला पटवून पटवून ती दमली आहे. मास्तरांना खोटी नोंद केल्याबद्दल काढून टाकलं. जाताना त्यांनी रेनकोट खुंटीवरच ठेवला, विसरले की ठेवला ते कोणी विचारलं नाही. तिला म्हणाले, "सोमवारची बाटली चुकवू नकोस." तिने एकही सोमवार चुकवला नाही. रेनकोट अजून खुंटीवर आहे. आणि चंबूतला निळा परत येतो तेव्हा ती वळून बघते, दर सोमवारी.

परवा दुपारी प्रयोगशाळेच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी, धाप लागलेली. "ताई, तुम्हीच इथे पाणी तपासता ना? मी मास्तरांची मुलगी."

ओळख सांगायची गरज नव्हती. कपाळ तेच होतं. आकडेबाईने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि आपले हात एप्रनच्या खिशात घातले.

"बाबा गेल्या महिन्यात गेले," मुलगी म्हणाली. "फुप्फुसं निकामी झाली होती. शेवटचे चार दिवस मास्क होता. बोलता यायचं नाही, पण मास्क बाजूला करून सारखं एकच म्हणायचे. तेहतीस. नर्सला वाटलं खाटेचा नंबर. मला वाटलं, एखादी तारीख असेल. मी विचारलं, बाबा, काय तेहतीस? तर म्हणाले, सोडायला हवा होता. बस, एवढंच. आता मला झोप लागत नाही, ताई. काय सोडायला हवं होतं त्यांनी? तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत. तुम्हाला काही माहीत असेल म्हणून आले."

आकडेबाईला सगळं माहीत होतं. सिलिंडर, असं म्हटलं की झालं असतं. बाईचं समाधान करून तिला चारच्या बसला लावून देता आलं असतं. तिने तोंड उघडलं, पण मुलगी पिशवीतून एक वही काढत होती.

"इथून गेल्यावर बाबांनी घरी शिकवण्या घेतल्या. रसायनाच्या. आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्याकडे शिकली. दर वर्षी प्रत्येक तुकडीला एक गणित घालायचेच. मी रसायन सोडून दिलं तरी मला पाठ आहे ते. त्यात शेवटचं उत्तर तेहतीस येतं. म्हणून म्हटलं, त्याचाच काही संबंध असेल."

वही उघडली. मोठे गोल आकडे, आणि काठीसारखे सात. आकडेबाई वाचू लागली.

'एका उंच ठिकाणी हवेचा दाब ५८० मिमी आहे. हौदाचे पाणी २० अंश. ऑक्सिजनचे मीटर चुकून ७६० मिमी दाबावर लावलेले आहे. संध्याकाळी मीटर ५.८ दाखवते. (अ) या दाबाला पाण्यात हवेतून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मुरेल? (आ) पाण्यात प्रत्यक्ष किती आहे? (इ) शुद्ध ऑक्सिजन सोडला असता तर पाणी किती घेऊ शकले असते?'

खाली उत्तरं. सहा पॉइंट नऊ. चार पॉइंट चार. तेहतीस.

गणिताचं ते पान वहीचं पहिलंच होतं, आणि वर तारीख होती. त्यांना काढून टाकल्यानंतरचा नववा दिवस. दाद मागायला तीस दिवस असतात.

ती वही घेऊन दुसऱ्या स्टुलावर बसली. म्हणजे मास्तरांनी शोधून काढलं होतं. मीटर नाही, बाटली नाही, नुसत्या कागदावर, मेलेल्या माशांवरून उलटं गणित करत ते सातशे साठपाशी पोचले होते. आणि तिथे पोचल्यावर पुढचं पाऊल अवघड नव्हतं. मीटर लावलंस का, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं आणि हो हे स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. एक पत्र टाकलं असतं तर ते परत आले असते. त्यांनी पत्र टाकलं नाही. एकोणीस वर्षं दर जूनमध्ये नव्या पोरांपुढे हे गणित टाकलं. आणि मरताना तिला दोष दिला नाही. आकडा काही असो, नळी सोडायला हवी होती, एवढंच स्वतःला बोलत गेले.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

"हे गणित खरं आहे," आकडेबाई म्हणाली. "इथलं आहे. त्या शनिवारचं आहे."

मुलगी गोंधळून बघत राहिली. मग आकडेबाई उठली. बोलून समजावण्याची तिची ताकद नव्हती, हातांची होती. कोपऱ्यातल्या बादलीत हवेची नळी सकाळपासून सोडलेली होती, पाणी वीस अंशांवर होतं. तिने त्याची बाटली भरली, बुडबुडा राहू न देता, रसायनं घातली, गाळ बसू दिला, आम्ल घातलं. ब्युरेटखाली चंबू धरला. पिवळा, फिकट, स्टार्च, निळा, आणि एका थेंबाला निळा गेला. "वाचा," ती म्हणाली.

मुलीने वाकून वाचलं. "सहा पॉइंट नऊ."

मग आकडेबाईने मीटर घेतलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम दाब चढवत नेला, सातशे साठपर्यंत. हवेत लावलं, बादलीत सोडलं.

"नऊ पॉइंट एक," मुलगी म्हणाली. हुशार माणसाची मुलगी होती. "म्हणजे त्या दिवशी मीटरच जास्त दाखवत होतं. बाबांनी जे दिसलं ते लिहिलं. खोटं नव्हतं लिहिलं."

"नाही. त्यांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही."

मुलीचे डोळे भरून आले. ओढणीच्या टोकाने तिने ते पुसले, आणि मग, रडता रडताच, तिला हसू आलं. "पोरं ना, दर वर्षी विचारायची. सर, पण मीटर चुकीचं लावलं कोणी? कुठल्यातरी तुकडीत कोणीतरी विचारायचंच. आणि बाबांचं उत्तर ठरलेलं. म्हणायचे, ते गणितात दिलेलं नाही. दिलंय तेवढ्यावर सोडवा."

बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. खुंटीवर रेनकोट होता. गप्प बसणं अजूनही सोपं होतं. मास्तरांनीच तशी सोय करून ठेवली होती, आणि ते आता काही सांगायला येणार नव्हते.

"मी लावलं," आकडेबाई म्हणाली.

मुलीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढून घ्यायला तिला वेळ लागला.

"बॅटरी मी बदलली. दाब बघितला नाही. ती चूक होती, ती कोणाकडूनही होते. पण तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं. साहेब विचारायला यायच्या आधी मी मीटर सरळ करून ठेवलं आणि त्यांना सांगितलं, बरोबर आहे म्हणून. ती चूक नव्हती."

"तिसऱ्या दिवशी."

"हो."

"बाबांना काढलं कधी?"

"बाराव्या."

मुलगी उठली आणि खिडकीशी गेली. तिकडून मोठा हौद दिसतो, वरची फळी दिसते. बराच वेळ ती पाठमोरी उभी होती. आकडेबाईला वाटलं, ही आता ओरडेल, आणि तिने ओरडावं असं तिला फार फार वाटत होतं. पण मास्तरांच्या घरात कोणाला ओरडायची सवय नसावी.

"आईने त्यानंतर शेजाऱ्यांकडे जाणं बंद केलं," ती खिडकीकडेच बघत म्हणाली. "माझ्या सासरी लग्न ठरताना विचारलं होतं, तुमच्या वडिलांचं ते प्रकरण काय होतं. बाबा समोर बसलेले. काही बोलले नाहीत." मग ती वळली. टेबलाशी आली, वहीचं ते पान काढलं आणि पेन आकडेबाईपुढे ठेवलं. "गणितात घाला."

"काय?"

"कोणी लावलं ते. बाबांनी घातलं नाही. तुम्ही घाला."

आकडेबाईने पेन उचललं. 'मीटर चुकून ७६० मिमी दाबावर लावलेले आहे' या ओळीच्या शेवटी थोडी जागा होती. तिथे तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि जागा संपली म्हणून पुढचं समासात उभं लिहिलं: तिसऱ्या दिवशी कळले होते. खाली सही केली, तारीख घातली. मग खणातून कोरे कागद काढून तेच कार्यालयाला लिहिलं, अर्जाच्या भाषेत, दोन प्रती. यात तिची नोकरी जाईल हे दोघींनाही दिसत होतं.

एक प्रत आणि वही मुलीने पिशवीत टाकली. निघताना तिची नजर चंबूवर गेली.

"हे परत निळं झालं."

"होतं," आकडेबाई म्हणाली. "मास्तर म्हणायचे, वळून बघायचं नाही."

मुलगी त्या निळ्याकडे बघत थोडी थांबली. मग तिने खुंटीवरचा रेनकोट काढला, झटकला, घडी घालून छातीशी धरला आणि उताराने बसकडे गेली.

ऊन उतरलं. आकडेबाईने मीटरचा दाब पाचशे ऐंशीवर आणला, पुन्हा बघितला, आणि फळीवर गेली. मागून बूट वाजत होते, थप, थप. तिने वळून पाहिलं नाही. मोठ्या हौदात मीटर सोडलं. चार पॉइंट नऊ. मागचा आवाज थांबला, कोणीतरी आकडा ऐकायला थांबावं तसा.

"चार पॉइंट नऊ," ती मोठ्याने म्हणाली, आणि जाऊन सिलिंडर सोडला.